आयुष्य वाढलं, मृत्यू मात्र तेवढेच

१९७१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावरचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. भरपूर सिगारेट ओढणारे ९,२११ पुरुष त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी सहा वर्षं दर चार महिन्यांनी होत राहिली. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा तपासून घेण्याचा सल्ला सुरुवातीला दिला, एवढंच.

पुढे अनेक वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीच्या टप्प्यातच सापडून शस्त्रक्रियेने काढलेल्या कर्करोगांचा हिशेब थक्क करणारा होता. नियमित तपासणीच्या गटात अशा रुग्णांचं निदानानंतरचं मध्यक आयुर्मान १६ वर्षं निघालं, दुसऱ्या गटात ५. पण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्यांची मोजदाद केली, तेव्हा तपासणीच्या गटात दरवर्षी हजारी ४.४ मृत्यू होते आणि दुसऱ्यात ३.९. तपासणीने मृत्यू कमी झालेच नव्हते. रुग्ण तिपटीने जास्त जगले, तरी एकही जीव वाचल्याचं दिसेना. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे?

पहिलं उत्तर घड्याळात आहे. समजा, एका माणसाला ६७व्या वर्षी खोकल्यातून रक्त पडलं, कर्करोगाचं निदान झालं आणि ७०व्या वर्षी तो गेला. निदानानंतर तो तीन वर्षं जगला. आता त्याच माणसाचा आजार ६३व्या वर्षीच एक्स-रेत दिसला आणि उपचारांचा काडीचाही उपयोग झाला नाही, असं धरा. मृत्यू ७०व्या वर्षीच आला, पण निदानानंतर तो सात वर्षं जगला! ‘निदानानंतर पाच वर्षं जगलेले’ या रकान्यात आधी त्याची नोंद नव्हती, आता झाली. आयुष्यात एक दिवसाचीही भर पडली नाही. वाढला तो फक्त आजार ठाऊक असण्याचा काळ. याला लीड-टाइम बायस म्हणतात.

दुसरं उत्तर गाठींच्या स्वभावात आहे. काही गाठी झपाट्याने वाढतात. तपासणीत दिसण्याजोग्या झाल्यापासून चार महिन्यांत त्या लक्षणं दाखवतात. काही संथ असतात, त्यांना चार वर्षं लागतात. दोन्ही प्रकारच्या शंभर-शंभर गाठी आहेत आणि तपासणी वर्षातून एकदा होते, असं समजू. संथ गाठी एखाद्या तरी तपासणीत सापडणारच, म्हणजे शंभरच्या शंभर. जलद गाठ मात्र बारा महिन्यांतले चारच महिने हाती लागण्यासारखी असते, म्हणून त्यांतल्या तेहेतीसच सापडतात. उरलेल्या सदुसष्ट दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणं घेऊन उगवतात. मुळात निम्म्या-निम्म्या असलेल्या गाठींपैकी तपासणीच्या जाळ्यात तीन-चतुर्थांश संथच येतात. संथ गाठीचा रुग्ण तसाही जास्त जगतो आणि श्रेय तपासणीला जातं. हा लेंथ-टाइम बायस.

या संथपणाचं टोक म्हणजे माणसाला आयुष्यभर त्रासच न देणारी गाठ. मेयोच्या प्रयोगात तिच्या खुणा दिसतात. मूळ प्रयोग संपला तेव्हा तपासणीच्या गटात २०६ कर्करोग सापडले होते, दुसऱ्यात १६०. निदान केवळ लवकर झालं असतं, तर पुढच्या काळात दुसऱ्या गटाने ही तूट भरून काढली असती, कारण तिथले दडलेले कर्करोग लक्षणांनिशी बाहेर आलेच असते. पण कित्येक वर्षांनी मोजलं तेव्हाही आकडे ५८५ आणि ५०० असेच होते. वरचे बरेचसे कर्करोग बहुधा कधीच बाहेर आले नसते. त्या माणसांनी मात्र शस्त्रक्रिया सोसली, आणि हिशेबात ती ‘बरी झालेली’ ठरली.

मग तपासणी खरंच जीव वाचवते का, हे ओळखायचं कसं? त्यासाठी घड्याळ निदानाच्या दिवशी सुरू न करता गट पाडले त्या दिवशी, सगळ्यांसाठी एकदमच सुरू करायचं. आणि रुग्ण किती जगले हे न पाहता, रोग झालेले-न झालेले धरून अख्ख्या गटातून त्या रोगाने किती माणसं गेली हे मोजायचं. मग निदान लवकर होवो की उशिरा, गाठ संथ असो की जलद, मृत्यूच्या मोजणीत फरक पडत नाही.

ही कसोटी पार करणाऱ्या तपासण्याही आहेत, आणि त्यांतल्या एकीचा पुरावा महाराष्ट्राच्या खेड्यांतून आला. १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. गावांचे समूह चिठ्ठी पद्धतीने चार गटांत वाटले होते. त्यांतल्या एका गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा देऊ केली होती. आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या. नेहमीच्याच सेवेवर असलेला गट आकाराने थोडा लहान होता, तरी तिथे ६४ गेल्या. हा फरक घड्याळाचा नाही, कारण इथे मोजले आहेत ते मृत्यू.

म्हणून ‘लवकर निदान झालेल्यांपैकी इतके टक्के पाच वर्षं जगतात’ असं वाक्य तपासणीच्या जाहिरातीत दिसलं, तर त्यावरून तपासणीची किंमत ठरवू नये. तपासलेल्या आणि न तपासलेल्या अशा सारख्याच गटांत त्या रोगाने किती माणसं गेली, हे विचारावं.