शंभर वर्षांचा रोखा आणि त्याची सूक्ष्म अक्षरं

परदेशातलं सरकार किंवा कंपनी रोखे विकायला काढते, तेव्हा त्यासोबत एक जाडजूड दस्तऐवज येतो. त्याला प्रॉस्पेक्टस किंवा ऑफरिंग मेमोरँडम म्हणतात. पहिल्या पानावर रक्कम, व्याजदर, विक्रीची किंमत आणि मुदत ठळक छापलेली असते. पुढे ‘जोखीम घटक’ या मथळ्याखाली पानंच्या पानं भरलेली असतात आणि ती बहुतेक वाचली जात नाहीत. वकिलांनी स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेला मजकूर म्हणून ती उलटली जातात. खरं तर पहिल्या पानावरचा परताव्याचा आकडा आणि ही पानं एकत्रच वाचायची असतात. परतावा इतका का मिळतोय, याचं उत्तर त्याच पानांत असतं.

हे समजून घ्यायला अर्जेंटिनाने जून 2017 मध्ये विकलेला शंभर वर्षांचा डॉलर रोखा चांगला नमुना आहे. रक्कम 275 कोटी डॉलर, मुदत 28 जून 2117 पर्यंत. वार्षिक व्याज, म्हणजे कूपन, 7.125 टक्के. आणि 100 डॉलर दर्शनी मूल्याचा कागद विकला गेला 90 डॉलरला. मागणी विक्रीच्या तिपटीहून जास्त आली.

कूपन हे दर्शनी मूल्यावर मिळतं, खिशातून घातलेल्या पैशावर नाही, हा पहिला मुद्दा. 1,000 डॉलरच्या रोख्यावर वर्षाला 71.25 डॉलर, तेही दोन हप्त्यांत. पण रोखा 900 डॉलरला मिळाला असेल, तर 900 वर 71.25 म्हणजे 7.92 टक्के. याला चालू परतावा म्हणतात. मुदतपूर्तीचा परतावा हा याहून व्यापक आकडा आहे. त्यात सगळे व्याजाचे हप्ते, शेवटी मिळणारं मुद्दल आणि 90 ऐवजी 100 मिळाल्याचा फायदा, हे सगळं आजच्या किमतीला जुळवून घेतलेलं असतं. या आकड्यात दोन गृहीतकं असतात: प्रत्येक हप्ता ठरल्या तारखेला येईल, आणि आलेला हप्ता त्याच दराने पुन्हा गुंतवता येईल. दुसरं गृहीतक क्वचितच खरं ठरतं. पहिलं मोडलं तर आकड्याला अर्थच उरत नाही.

या रोख्याच्या बाबतीत चालू परतावा आणि मुदतपूर्तीचा परतावा जवळपास सारखेच होते, 7.92 टक्के. याचं कारण मुदतीत आहे. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या 1,000 डॉलरचं आजचं मोल काढायला ती रक्कम सहा-सहा महिन्यांच्या 200 टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला सुमारे 3.96 टक्क्यांनी, मागे आणावी लागते. उत्तर निघतं अर्ध्या डॉलरहून कमी. 900 डॉलर देणाऱ्याने मुद्दलासाठी जेमतेम चाळीस-बेचाळीस सेंट मोजले होते, बाकी सगळे पैसे व्याजासाठी. निव्वळ व्याजाच्या हप्त्यांतून 900 डॉलर परत यायला साडेबारा वर्षांहून जास्त काळ लागतो. म्हणून या रोख्याच्या खरेदीदाराने 2117 ची काळजी करण्याचं कारण नव्हतं. त्याचा खरा प्रश्न पहिल्या दहा-पंधरा वर्षांचा होता.

त्या प्रश्नाचं उत्तर बाजाराने आकड्यात आधीच देऊन ठेवलं होतं. तेव्हा अमेरिकन सरकारचा तीस वर्षांचा रोखा सुमारे 2.8 टक्के देत होता आणि अर्जेंटिनाचा 7.9. मधल्या सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाला स्प्रेड म्हणतात. अमेरिकन सरकार पैसे बुडवणार नाही असं धरलं, तर हा फरक म्हणजे अर्जेंटिनाची जोखीम घेण्याची मजुरी. देश थकला तर डॉलरमागे 40 सेंट हाती लागतील आणि 60 बुडतील, असा ढोबळ अंदाज धरू. मग फरकाचे पाच टक्के भरून निघायला दरवर्षी थकण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरावी लागते. असं दहा वर्षं चाललं, तर एकदाही न थकता तग धरण्याची शक्यता साधारण 41 टक्के उरते. हा हिशेब काटेकोर नाही. स्प्रेडमध्ये रोखा पटकन न विकला जाण्याची भरपाई असते, निव्वळ भीतीचाही वाटा असतो. तरी एवढं नक्की दिसतं की 7.9 टक्क्यांत ‘दहा वर्षांत हा देश थकूही शकतो’ हे गृहीत धरलेलंच होतं. ज्याला तो आकडा बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजासारखा वाटला, त्याने तो अर्धाच वाचला.

आता जोखमीची पानं. त्यात दोन प्रकारचा मजकूर मिसळलेला असतो. उदयोन्मुख देशांत गुंतवणूक धोक्याची असते, व्याजदर वाढले की रोख्यांच्या किमती घसरतात, दुय्यम बाजारात गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, ही वाक्यं कुठल्याही देशाच्या दस्तऐवजात तशीच चालतील. ती खोटी नाहीत, पण एकदा वाचली की पुरे. पेन्सिल घेऊन अशी वाक्यं खोडावीत. जी वाक्यं फक्त याच देशाला लागू पडतात, ती उरतात, आणि वाचायची तीच.

अर्जेंटिनाच्या बाबतीत उरलेल्यांत एक होतं आकडेवारीचं. 2007 नंतर काही वर्षं तिथले महागाईचे सरकारी आकडे विश्वासार्ह नव्हते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2013 मध्ये त्याबद्दल देशाला उघड ताकीद दिली होती. आधीच्या आकड्यांवरच भरवसा नसेल, तर त्याच दस्तऐवजातल्या अर्थव्यवस्थेच्या तक्त्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. दुसरं होतं चलनाचं. देशाचा महसूल पेसोत आणि कर्ज डॉलरमध्ये असेल, तर पेसो निम्म्यावर आला की कर्ज दुप्पट जड होतं. डॉलर कमावून देणारी निर्यात सोयाबीनसारख्या शेतमालावर उभी होती, म्हणजे पाऊस आणि जागतिक भाव यांच्या भरवशावर. 2018 मध्ये दुष्काळ पडला, अमेरिकेत व्याजदर चढले, पेसो कोसळला आणि देश नाणेनिधीच्या दारात गेला. 50 अब्ज डॉलरचा करार झाला, पुढे तो 57 अब्जांवर गेला. नाणेनिधीचं देणं आधी फेडायचं, असा जगाचा रिवाज आहे. त्यामुळे खासगी रोखेधारक रांगेत आणखी मागे सरकला.

तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच दस्तऐवजात सगळ्यात कंटाळवाण्या भाषेत असतं: परतफेडीच्या अटी सर्व धारकांच्या संमतीशिवायही बदलता येतील. इंग्रजीत याला कलेक्टिव्ह अॅक्शन क्लॉज म्हणतात. हे कलम का आलं, ते आधीच्या प्रकरणातून कळतं. अर्जेंटिना 2001 मध्ये थकला. 2005 आणि 2010 अशा दोन फेऱ्यांत सुमारे 93 टक्के कर्जाच्या धारकांनी कमी किमतीचे नवे रोखे घेतले. उरलेल्यांनी नकार दिला. त्यांतल्या काही फंडांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावे लावले. एका फंडाने तर 2012 मध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लिबर्टाड’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज अडकवून ठेवलं. युद्धनौकेला जप्तीपासून संरक्षण असतं म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ते सोडवलं. सार्वभौम देशाविरुद्ध निकाल मिळवणं आणि पैसे वसूल करणं यात किती अंतर असतं, ते इथे दिसलं. तरी या फंडांनी चिकाटीने 2016 मध्ये घसघशीत तडजोड पदरात पाडून घेतली.

त्यानंतरच्या रोख्यांमध्ये म्हणून कलम बदललं गेलं. रोख्यांच्या अनेक मालिकांच्या धारकांपैकी 75 टक्क्यांनी होकार दिला आणि सगळ्यांपुढे प्रस्ताव सारखाच असेल, तर उरलेल्यांनाही तो बंधनकारक ठरतो. दुसऱ्या वाटेने एकूण दोन-तृतीयांश आणि प्रत्येक मालिकेत निम्म्याहून जास्त संमती पुरते. एकट्याने अडून बसायची सोय यात संपते. सावध गुंतवणूकदाराला हे गैरसोयीचं वाटेल. मात्र आडमुठे फंड अडवणूक करत नसल्याने तडजोड लवकर होते, हाही त्याचा एक भाग आहे.

पुढे काय झालं तेही पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये प्राथमिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा मोठा पराभव झाला आणि एका दिवसात हा रोखा 75 डॉलरच्या आसपासवरून पन्नाशीत आला. मे 2020 मध्ये देशाने इतर काही रोख्यांचं व्याज चुकवलं. ऑगस्टमध्ये सुमारे 65 अब्ज डॉलरच्या कर्जाची पुनर्रचना झाली. 93.5 टक्के धारकांनी स्वतःहून होकार दिला आणि वर सांगितलेल्या कलमाने तो आकडा 99 टक्क्यांवर नेला. मुद्दलाला फारशी कात्री लागली नाही, ती लागली व्याजाला. नव्या रोख्यांचं व्याज 0.125 टक्क्यापासून सुरू झालं आणि काही आठवड्यांतच ते बाजारात दर्शनी मूल्याच्या 40 टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. 900 डॉलर घालणाऱ्याच्या हाती डिसेंबर 2019 पर्यंत पाच हप्त्यांचे 178 डॉलर आले आणि सुमारे 400 डॉलर मोलाचा कागद उरला. जोखमीच्या पानांतलं जवळपास काहीही चुकीचं ठरलं नव्हतं.

दुसरी जोखीम थकण्याशी संबंधित नसते. ऑस्ट्रियाने 2020 मध्ये 0.85 टक्के व्याजाचा शंभर वर्षांचा रोखा काढला. देश भरवशाचा, एक हप्ता चुकला नाही. पण युरोपात व्याजदर चढले आणि 2023 मध्ये हा रोखा 40 च्याही खाली आला. कूपन जितकं लहान आणि मुदत जितकी लांब, तितका किमतीचा झोका मोठा. अर्जेंटिनाच्या रोख्यात बाजाराचा परतावा एका टक्क्याने वाढला असता, तर किंमत 90 वरून 80 च्या आसपास आली असती. ऑस्ट्रियाच्या रोख्यात तेवढ्याच बदलाचा फटका कितीतरी मोठा बसतो. मुदतीपर्यंत धरून ठेवू म्हणणाऱ्यालाही शंभर वर्षांचा हा सल्ला उपयोगी नाही.

भारतातून पैसे पाठवणाऱ्याला चलनाचा वेगळा हिशेब करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, आणि मिळालेलं व्याज इथल्या करात मोजलं जातं. 2017 मध्ये डॉलर 64-65 रुपयांना होता, 2020 मध्ये 74-75 ला. रुपयात मोजणाऱ्याचा अर्जेंटिनाचा तोटा म्हणून थोडा हलका दिसतो. तो फायदा डॉलरचा होता, रोख्याचा नव्हता. रुपया वधारला असता तर तोटा वाढला असता.

दस्तऐवज हाती आल्यावर सावध माणसाने आधी परतावा आणि त्याच मुदतीच्या अमेरिकन रोख्याचा परतावा यांतला फरक काढावा. मग या देशालाच लागू पडणारी जोखमीची वाक्यं आणि अटी बदलण्याचं कलम, एवढं तरी शेवटपर्यंत वाचावं. फरक कशासाठी मिळतोय हे त्या वाक्यांवरून सांगता येत नसेल, तर तो रोखा घेऊ नये.