पहिल्या वाक्याने दिलेला शब्द

कादंबरीचे पहिले वाक्य कशासाठी असते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात, वाचकाला खिळवून ठेवण्यासाठी. हे उत्तर अपुरे आहे. पहिल्याच ओळीत खून पाडणे किंवा एखादे गूढ विधान करणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते पुढची तीन-चारशे पाने त्या ओळीला जागणे. पहिले वाक्य वाचकाला एक शब्द देते. या गोष्टीत कशाला महत्त्व आहे, ती कोणत्या आवाजात सांगितली जाणार आहे आणि सांगणारा घटनांपासून किती अंतरावर उभा आहे, हे ते आधीच सांगून ठेवते. पुस्तकाने हा शब्द पाळला की नाही, हे वाचकाला तपासता येते. त्यासाठी कोणत्याही सिद्धान्ताची गरज नाही, बारकाईने वाचण्याची मात्र आहे.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये 1967 साली आली. तिची सुरुवात जगभर गाजलेली आहे. कर्नल आउरेलियानो बुएंदिया नावाचा माणूस गोळ्या घालणाऱ्या सैनिकांसमोर उभा आहे आणि त्याला लहानपणीची एक दुपार आठवते. त्या दुपारी वडिलांनी त्याला बर्फ दाखवायला नेले होते. एवढीच बातमी, पण ती ज्या काळात मांडली आहे ते पाहण्यासारखे आहे. निवेदक सुरुवात करतो ती ‘बऱ्याच वर्षांनंतर’ असे म्हणून. म्हणजे तो कुठल्यातरी मधल्या क्षणी उभा राहून आधी पुढे पाहतो आणि त्या पुढच्या क्षणातून पुन्हा मागे येतो.

हे वाचून आपण लगेच तर्क करतो, की हा माणूस गोळ्या खाऊन मरणार. पण वाक्यात तसे कुठेच म्हटलेले नाही. तो सैनिकांसमोर उभा राहिला आणि त्याला बर्फ आठवला, इतकेच म्हटले आहे. मरण आपण आपल्या पदरचे घातले. कादंबरी तपासताना होणारी सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. आपला तर्क आणि लेखकाचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्क खोटा ठरला म्हणून पुस्तकाने फसवले असे म्हणता येत नाही. म्हणून आधी शब्द नेमका कोणता, हे ठरवायला हवे. मार्केझच्या वाक्यात तीन गोष्टी कबूल केल्या आहेत. मृत्यूसमोर उभे राहण्याचा प्रसंग येईल, बर्फाच्या दुपारीला त्या प्रसंगाइतकेच वजन असेल, आणि ही गोष्ट शेवट ठाऊक असलेला कुणीतरी सांगत असेल.

यातला बर्फ लवकर मिळतो, पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी. माकोंदो या आडबाजूच्या गावात जिप्सींचा तांडा आलेला आहे. होसे आर्कादिओ बुएंदिया आपल्या दोन मुलांना घेऊन एका तंबूत शिरतो. आत नाकात तांब्याची कडी घातलेला एक आडदांड माणूस समुद्री चाच्यांच्या पेटाऱ्यावर पहारा देत बसला आहे. पेटारा उघडतो, आतून थंडगार वाफ येते आणि मावळतीचा उजेड ज्यात फुटून रंगीत झाला आहे असा एक भलामोठा पारदर्शक ठोकळा दिसतो. बापाला वाटते, हा जगातला सर्वांत मोठा हिरा असावा. तो बर्फ आहे, असे तांड्यातला माणूस सांगतो. हात लावायचा तर वेगळे पैसे पडतात. बाप पैसे मोजतो आणि ठोकळ्यावर हात ठेवून कितीतरी वेळ तसाच उभा राहतो. थोरला मुलगा हात लावायला तयार होत नाही. धाकटा आउरेलियानो लावतो आणि दचकून मागे घेतो, कारण त्याला तो उकळत असल्यासारखा वाटतो. ज्या गावाने बर्फ पाहिलेला नाही, तिथे गार आणि गरम यांतला फरकसुद्धा नव्याने शिकावा लागतो. पहिल्या वाक्यात बर्फाला एवढा मान का दिला होता, ते या दृश्यात कळते.

सैनिकांची तुकडी मात्र लेखक बराच काळ हातात धरून ठेवतो. मधल्या प्रकरणांत तिचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कर्नलच्या पुतण्याबद्दल, आर्कादिओबद्दलही जवळपास त्याच घाटाचे वाक्य येते, आणि त्याला खरोखरच भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या जातात. कर्नलची पाळी येते ती सातव्या प्रकरणात. सैनिक नेम धरतात, तो डोळे मिटतो, आणि त्याला ती दुपार, वडील, तंबू आणि बर्फ दिसतो. पहिल्या वाक्याने सांगितले होते ते जसेच्या तसे घडते. पण गोळ्या सुटत नाहीत. त्याचा थोरला भाऊ बंदूक रोखून रस्ता ओलांडून येतो. तुकडीचा कॅप्टन रोके कार्निसेरो हात वर करतो आणि आपल्या माणसांसह कर्नललाच जाऊन मिळतो.

मग हा वाचकाचा विश्वासघात म्हणायचा का? सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीकडे पाहिले तर उत्तर मिळते. तिथे कर्नलच्या आयुष्याचा हिशेब मांडला आहे. त्याने 32 बंडे केली आणि सगळी हरला, तो 14 हल्ल्यांतून, 73 दबा धरून केलेल्या चकमकींतून आणि एकदा गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोरूनही वाचला. म्हणजे तो वाचणार हे लेखकाने प्रसंगाच्या आधीच मोकळेपणाने सांगून टाकले आहे. मरतो की जगतो ही उत्कंठा त्याला विकायचीच नव्हती. स्वस्त युक्ती ओळखायची खूण इथून काढता येते. सुरुवातीला संकट उभे करायचे आणि शेवटी ते स्वप्न होते किंवा गैरसमज होता असे सांगायचे, ही लबाडी झाली, कारण तिथे वाचकाला लागणारी माहिती मुद्दाम लपवलेली असते आणि संकटाचा पुढे कुणावरही परिणाम होत नाही. मार्केझच्या कर्नलवर तो होतो. तो त्या भिंतीपासून थेट पुढच्या युद्धाकडे जातो, आणि वर्षामागून वर्षे आतून कोरडा पडत जातो.

या शब्दाचा खरा हिशेब पुढे, कर्नलच्या म्हातारपणी चुकता होतो. रस्त्यावरून सर्कशीची मिरवणूक जाते आणि तोही दारात उभा राहून ती पाहतो. मग नेहमीप्रमाणे लघवीला चेस्टनटच्या झाडाखाली जातो, सर्कशीचा विचार करत राहू पाहतो, पण आठवण त्याला सापडत नाही. तिथेच, झाडाला कपाळ टेकून तो मरतो. मरणाची नुसती शक्यता समोर होती तेव्हा ज्याला बर्फाची दुपार लख्ख दिसली, त्याच्याजवळ खरे मरण आले तेव्हा एकही आठवण उरलेली नव्हती. पहिले वाक्य आठवणीबद्दल होते, हे इथे कळते. तुकडी केवळ निमित्त होती. पाळलेला शब्द असा असतो. तो पुरा होताना मूळ वाक्याचा अर्थ वाढवतो.

तिसरी कबुली सांगणाऱ्याच्या जागेची होती, आणि ती शेवटच्या पानापर्यंत थांबते. मेल्कियादेस या जिप्सीने संस्कृतमध्ये लिहून ठेवलेली जुनी हस्तलिखिते घराण्यातला शेवटचा आउरेलियानो उलगडतो. त्यात या कुटुंबाचा शंभर वर्षांचा इतिहास घडण्याआधीच लिहिलेला असतो, आणि तोही एकामागून एक अशा क्रमाने नसून सगळे प्रसंग एकाच क्षणात नांदतील अशा रीतीने. पहिल्याच ओळीत भविष्य, भूतकाळ आणि मधला क्षण एकत्र का होते, याचा उलगडा इथे होतो. लेखकाने केवळ ढंग म्हणून तसे वाक्य लिहिले असते, तर शेवटपर्यंत त्याला काहीच आधार मिळाला नसता.

प्रत्येक कादंबरी प्रसंगाचाच शब्द देते असे नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली. तिच्या आरंभी पांडुरंग सांगवीकर आपले नाव आणि वय सांगतो. माहिती अगदी साधी, पण ‘उदाहरणार्थ’ हा शब्द तो तिथे अशा जागी टाकतो की आपले वयसुद्धा त्याला पक्के विधान म्हणून मांडवत नाही. हा शब्द आवाजाचा आहे. कशावरच सरळ विश्वास न ठेवणारा एक तरुण आपल्याशी बोलणार आहे. तेव्हा तपासायचे ते हे, की हा आवाज खानदेशातल्या गावापासून पुण्याच्या वसतिगृहापर्यंत टिकतो का, आणि मुख्य म्हणजे खरे दुःख समोर आल्यावर त्याचे काय होते. धाकटी बहीण मनी देवीने मरते, तिथे त्याचा कस लागतो. आतापर्यंत सगळ्यापासून अंतर राखून बोलणाऱ्या पांडुरंगला तिथे ते अंतर राखता येत नाही. आवाज बदलतो, पण माणूस तोच राहतो, आणि एरवी तो एवढे अंतर का राखत होता हेही आपल्याला कळते.

हे सगळे करून पाहायचे असेल तर एक चिठ्ठी पुरते. पहिले वाक्य वाचून झाले की त्याने प्रत्यक्ष काय सांगितले ते एका बाजूला लिहावे आणि आपल्याला काय वाटले ते दुसऱ्या बाजूला. मग चिठ्ठी पुस्तकातच ठेवून वाचत राहावे. साधारण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी एकदा थांबून आवाज तोच आहे का ते पाहावे, कारण बरीच पुस्तके इथेच ढिली पडतात. पहिले पान घासूनपुसून लिहिलेले असते आणि पुढे भाषा कुणाचीही असू शकेल अशी होते. पुस्तक संपल्यावर पहिले वाक्य पुन्हा वाचावे. त्यातला एखादा शब्द आता जास्त काही सांगू लागला असेल, तर शब्द पाळला गेला. वाक्य होते तेवढेच राहिले असेल, तर लेखकाने जे सांगितले ते उरकले, पण त्यातून काही घडवले नाही. आणि वाक्य आता खोटे वाटत असेल, तर ते खोटे वाटण्याची तयारी पुस्तकात आधीपासून होती का, हे शोधावे. बेभरवशाचा निवेदक असलेली कादंबरी हे रास्तपणे करू शकते, मात्र त्याच्या बोलण्यातल्या फटी तिने वाटेत दाखवलेल्या असायला हव्यात.

या कसोटीला मर्यादाही आहेत. पाऊस, रस्ता किंवा घर यांचे साधे वर्णन करून सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांत शब्द एका ओळीत मावत नाही. तिथे पहिला परिच्छेद किंवा पहिले पान धरावे. अनुवाद वाचत असू तर वाक्याची लय आणि काळाची रचना अनुवादकाच्या हातची असते, म्हणून एखाद्या शब्दावर फार भार देऊ नये. आणि गाजलेल्या ओळींपासून थोडे सावध राहावे. मार्केझचे पहिले वाक्य आज थोर वाटते ते मुख्यतः त्याच्यामागे उभ्या असलेल्या पुस्तकामुळे. हेच वाक्य एखाद्या सामान्य कादंबरीच्या तोंडी असते, तर ते चलाख वाटले असते आणि लोक ते विसरूनही गेले असते.