बदलीमुळे गाव सोडायचंय, पण नोटीस पीरियड ९० दिवसांचा. राजीनाम्याच्या पत्रात काय लिहाल?

पतीची बदली नागपूरला झाली, १५ जूनला रुजू व्हायचे आहे आणि मुलाची शाळाही तिथेच सुरू होणार आहे. पत्नी पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरीला असून तिचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. समजा, तिने ४ मे रोजी राजीनामा दिला, तर तो दिवस धरून मुदत १ ऑगस्टला संपते. तिला मात्र १२ जूनलाच निघायचे आहे. अशा वेळी नोटीस पीरियड माफ करण्याची विनंती कशी करायची?

आधी करारातील कलम वाचा

कौटुंबिक कारणासाठी नोटीस माफ करावीच, अशी अट खासगी नोकरीच्या करारात सहसा नसते. त्यामुळे नियुक्तिपत्रातील ‘टर्मिनेशन’ किंवा ‘सेपरेशन’ या कलमाची नेमकी शब्दरचना महत्त्वाची ठरते.

‘९० दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी तितक्या दिवसांचे वेतन’ असे लिहिले असेल आणि हा पर्याय दोन्ही बाजूंना दिला असेल, तर पैसे भरून लवकर निघण्याचा मार्ग कर्मचाऱ्याकडे असतो. यालाच बायआउट म्हणतात. पण पुढे ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतील, तर पैसे देण्याची तयारी असली तरी कंपनीचा होकार लागतो. बायआउटमध्ये पैसे द्यावे लागतात, माफीत लागत नाहीत. म्हणून पत्रात दोन्हींची सरमिसळ करू नये.

हिशेब कसा होतो?

वरील उदाहरणात १२ जूनपर्यंत ४० दिवस काम होते आणि ५० दिवस उरतात. शिल्लक १५ रजा नोटीसमध्ये धरायला कंपनी तयार झाली, तर ३५ दिवसांचा प्रश्न राहतो. मूळ वेतन दरमहा ४५,००० रुपये असेल, तर ३० दिवसांच्या हिशेबाने दिवसाला १,५०० म्हणजे एकूण ५२,५०० रुपये होतात. वसुली ९०,००० रुपयांच्या एकूण पगारावर झाली, तर हीच रक्कम १,०५,००० रुपयांवर जाते. म्हणून वसुली ‘बेसिक’वर होणार की ‘ग्रॉस’वर, हे करारात आधीच पाहावे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही. अंतिम हिशेबात तो लावलेला दिसल्यास विचारणा करावी.

पत्राचा मजकूर कसा असावा?

पत्र इंग्रजीत लिहिले, तरी क्रम असाच ठेवावा:

‘मी आज, ४ मे रोजी, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील कलम ११ नुसार माझा नोटीस पीरियड १ ऑगस्टला संपतो. पतीच्या बदलीमुळे आमचे कुटुंब नागपूरला स्थलांतरित होत आहे. बदलीचा आदेश सोबत जोडला आहे. मला १२ जून रोजी कार्यमुक्त करून उरलेले ५० दिवस माफ करावेत, ही विनंती. ते शक्य नसल्यास माझ्या शिल्लक रजा त्यात धराव्यात आणि उर्वरित दिवसांसाठी कलम ११ नुसार वेतन भरण्याची माझी तयारी आहे. कामाचे हस्तांतर मी ५ जूनपर्यंत पूर्ण करेन. कृपया निर्णय लेखी कळवावा.’

कलमाचा क्रमांक अर्थातच स्वतःच्या पत्रातला टाकावा. ‘उरलेले दिवस नागपूरहून घरून काम का करत नाही?’ हा कंपनीचा पहिला प्रश्न असू शकतो. ते जमणार असेल तर तोही पर्याय पत्रात द्यावा. नसेल तर कारण एका ओळीत सांगावे.

कंपनीने नकार दिला तर?

स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ नुसार वैयक्तिक सेवेच्या करारात कर्मचाऱ्याला कामावर राहण्याची सक्ती न्यायालय सहसा करत नाही. पण कंपनी नोटीसच्या दिवसांचे पैसे मागू शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मात्र करारात रक्कम ठरलेली असली, तरी भरपाई वाजवी आणि त्या रकमेच्या मर्यादेतच मिळते.

उत्तर येण्याआधीच कामावर जाणे थांबवले, तर खरी अडचण होते. कंपनी गैरहजेरीची नोंद करते, रिलीव्हिंग लेटर अडते आणि नागपुरात नवी नोकरी शोधताना तेच पत्र मागितले जाते.

व्यवस्थापकाने ‘बघू, जा तुम्ही’ असे तोंडी सांगितले, तर तो होकार समजू नये. एचआरच्या ई-मेलमध्ये कामाचा शेवटचा दिवस, माफ झालेले दिवस आणि वसुलीची रक्कम या तीनही गोष्टी आल्या पाहिजेत. ऑफिसचा ई-मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, त्यामुळे पत्र पाठवतानाच स्वतःच्या खासगी ई-मेलला ‘सीसी’त ठेवावे आणि एचआरलाही उत्तर दोन्ही पत्त्यांवर द्यायला सांगावे.