पंगतीतली गारी

बालाघाट-वारासिवनीकडच्या लग्नात पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाच्या बापाला गाण्यातून शिव्या देऊ लागतात. या गाण्यांना 'गारी' म्हणतात. तासाभरापूर्वी ज्या व्याह्यांचे पाय धुतले, त्यांच्याच मिशा उंदरांनी कुरतडल्या, त्यांची बहीण गोसाव्याबरोबर पळाली, असे नाव घेऊन गायिले जाते. नवखा वऱ्हाडी हातातला घास खाली ठेवतो. व्याही मात्र हसत असतात.

माझे वडील दरबारी गवई. ते सांगत, वरच्याने थट्टा केली की खालचे हसत. उलट थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. ते हसू चाकरीचे. गारीत उलटे घडते. लग्नात मुलीची बाजू पडती. पण पंगत उठेपर्यंत तिच्या बायकांना वरचढ बोलण्याची मुभा असते. ज्यांना मान द्यावाच लागतो, त्यांच्याशी जवळीक होते ती या मुभेमुळे. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली हेच मांडले: सोयरीक झालेली घरे परकीही नसतात आणि आपलीही नसतात. तेथे भांडण टाळायला एक तर कडक अदब लागते, नाही तर ठरलेली थट्टा.

मी गाणे शिकवतो, म्हणून माझे लक्ष चालीकडे जाते. चाल चार-पाच स्वरांची, कोणालाही म्हणता येईल अशी. नावापुरती जागा तेवढी मोकळी. सगळ्याजणी मिळून गातात, त्यामुळे रागवायचे कोणावर हेच कळत नाही.

मात्र आरोप उघड खोटा हवा. एका लग्नात कोणीतरी ओळ जोडली की व्याही उसना कोट घालून आले आहेत. दुर्दैवाने ते खरे होते. व्याही ताठ झाले, म्हणाले, "कोट माझाच आहे." पंगत गप्प झाली. खेळ मोडल्याची हीच खूण: थट्टेला थट्टेने उत्तर न येता खुलासा येतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील पोरांच्या शिव्यांच्या खेळाविषयी लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1972 मध्ये हाच नियम नोंदला आहे.

तेवढ्यात एका म्हातारीने त्याच चालीवर पुढची ओळ टाकली: कोट कसला, ती तर राजाच्या हत्तीची झूल, व्याह्यांनी रात्री चोरून आणली! आरोप वाढला, पण अशक्य झाला. व्याही खो खो हसले आणि त्यांनी ताटात नेगाचे रुपये टाकले.

तुलसीदासांच्या रामचरितमानसातही जनकपुरीच्या बायका जेवणाऱ्या वऱ्हाडाला नावे घेऊन गारी गातात, आणि दशरथ राजा हसतो. बालाघाटकडे आजही ज्याच्या नावाची गारी झाली नाही, तो सोयरा रुसतो. आपल्याला मोजलेच नाही, असे त्याला वाटते.