माझी इच्छा आहे की मी गेलो असतो

उपशीर्षकांच्या कामात एक वाक्य दर दोन-तीन चित्रपटांमागे हमखास समोर येतं. मागे एकदा ते असं आलं: आई गेल्यावर मुलगा तिच्या बंद घरात उभा आहे, हातात तिचा जुना फोन, आणि तो म्हणतो, 'आय विश आय हॅड कॉल्ड हर.' आमच्याकडे नव्यानेच आलेल्या मुलीने मराठी केलं, 'माझी इच्छा आहे की मी तिला फोन केला असता.' शब्द सगळे जागेवर, व्याकरणात लाल शाई करावी असं फारसं काही नाही, तरी घरात उभा राहून असं कोणी बोलणार नाही. मी तिला विचारलं, 'तू तुझ्या आईबद्दल हे म्हणशील का?' ती क्षणभर थांबली आणि सहज म्हणाली, 'मी म्हणेन, फोन करायला हवा होता.' मराठी तिला येतच होतं. आड येत होता तो 'विश' हा शब्द.

गैरसमज: 'विश' आहे म्हणजे 'इच्छा' हवीच

मराठीत इच्छा पुढे बघते. 'काशीला जायची इच्छा आहे' असं आपण म्हणतो ते जाणं अजून शक्य असतं म्हणून. जे घडून गेलं किंवा घडायचं राहून गेलं, त्याची इच्छा मराठी माणूस धरत नाही, हळहळतो. शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यात इच्छा विध्यर्थाच्या खात्यात येते, कर्तव्य आणि शक्यतेच्या शेजारी. हळहळीचं काम बहुतेक वेळा संकेतार्थ करतो, म्हणजे 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' हे वाक्य ज्या घरातलं आहे तो.

या वाक्यात हळहळ दाखवणारा एकही शब्द नाही. ती 'असता'मध्ये आहे. म्हणून 'इच्छा' हा शब्द नुसता गाळला तरी अर्धं भाषांतर सुधारतं: 'मी तिला फोन केला असता तर...' उरलेलं अर्धं वाक्यही पुष्कळदा लागत नाही. 'तर' म्हणून थांबलं की ऐकणारा पुढचं समजून घेतो. फार तर 'बरं झालं असतं' जोडावं. 'जर' तर बोलण्यात क्वचितच येतं. भाषांतरात प्रत्येक 'इफ'ला एक 'जर' चिकटवला की वाक्य करारनाम्यासारखं वाजू लागतं. मराठीत जोडणीचं ओझं 'तर' पेलतो, 'जर' गेला तरी काही अडत नाही.

दुसरी एक पळवाट हल्ली ऐकू येते: 'मला वाटतं मी डॉक्टर असतो.' याचा अर्थच वेगळा होतो. बोलणाऱ्याला आपण डॉक्टर आहोत की नाही याचीच खात्री नसावी, असं वाटतं. 'डॉक्टर झालो असतो तर' एवढं पुरे.

गैरसमज: पश्चात्तापाला मराठीत एकच साचा आहे

इंग्रजी वाक्य एकच, पण मराठीत उतरवताना एक प्रश्न विचारावाच लागतो: चूक कोणाची? इंग्रजी वाक्याला याचं उत्तर द्यावं लागत नाही, मराठी वाक्याला द्यावं लागतं.

'फोन केला असता तर...' या वाक्यात दोष कोणावर नाही. वेळ मिळाला नसेल, रेंज नसेल, सुचलं नसेल. घडलं असतं तर काय झालं असतं याकडे डोळे लागलेले आहेत. 'फोन करायला हवा होता' म्हटलं की दोष अंगावर घेतला. इथे कल्पना संपली, कबुली सुरू झाली. आणि 'फोन करायला हवा होता मी' असं 'मी' शेवटी टाकलं की तीच कबुली आणखी खाली उतरते. त्या बंद घरातल्या मुलाला आम्ही शेवटी हेच वाक्य दिलं, कारण त्या आठवड्यात तो रिकामाच होता हे प्रेक्षकांनी आधी पाहिलेलं होतं. तो आगगाडीत अडकलेला असता तर 'केला असता तर' बरोबर ठरलं असतं.

उलट बाजूचं, म्हणजे जे करून बसलो त्याचं दुःख, मराठी आणखी वेगळ्या पद्धतीने बोलते. 'आय विश आय हॅडन्ट गॉन' याला 'मी गेलो नसतो तर बरं झालं असतं' हे व्याकरणाने चोख आहे, पण लग्नाहून वैतागून परतलेला माणूस चप्पल काढता काढता म्हणतो, 'उगाच गेलो.' किंवा 'कुठून बुद्धी झाली आणि गेलो!' फारच चिडला असेल तर 'झक मारली आणि गेलो', हे मात्र आजीसमोर नाही. तिन्ही वाक्यांत क्रियापद साधा भूतकाळ आहे, 'असतो-नसतो' कुठेच नाही. संकेतार्थ शोधत बसलेल्या भाषांतरकाराला हे दिसत नाही, कारण तो व्याकरणातला जोडीदार शोधतो, तोंडातला शोधत नाही.

'हवं होतं' दिसलं की ती खंतच, असंही धरून चालू नये. दुकानात जाऊन 'एक दोनशे पानी वही हवी होती' म्हणणारा पश्चात्ताप करत नसतो, अदबीने मागत असतो. आणि 'आलो असतो हो, पण घरी पाहुणे आहेत' हे वाक्य हळहळीचं कमी आणि नकाराचं जास्त आहे.

गैरसमज: 'इफ ओन्ली' म्हणजे 'फक्त जर'

हा सगळ्यात जास्त सापडणारा ढिसाळपणा. 'ओन्ली इफ' आणि 'इफ ओन्ली' यांची अदलाबदल होते. 'ओन्ली इफ' ही अट आहे, तिला मराठीत 'तरच' आहे: 'तू आलास तरच मी जाईन.' 'इफ ओन्ली' हा सुस्कारा आहे. त्यातला 'ओन्ली' म्हणतो, फार नको होतं, एवढंसं पुरलं असतं. हे एवढंसंपण मराठीत 'नुसतं', 'निदान' आणि 'तरी' हे शब्द दाखवतात: 'नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.'

आणि समोरच्याला उद्देशून म्हणायचं असेल तर आपल्याकडे एक रूप आहे ज्याची आठवण भाषांतर करताना फारशा कोणाला होत नाही. त्याच चित्रपटात पुढे बहीण भावाला म्हणते, 'इफ ओन्ली यू हॅड कॉल्ड.' पहिला मसुदा होता, 'फक्त जर तू फोन केला असतास.' आम्ही केलं, 'एक फोन तरी करायचास.' 'छत्री न्यायचीस ना', 'आधी सांगायचंस ना' हे रोज घरोघरी ऐकू येतं. दिसायला ही रूपं पुढच्या कामाची वाटतात, पण अर्थ असतो वेळ टळून गेल्याचा. फोन पुल्लिंगी म्हणून 'करायचास', छत्री स्त्रीलिंगी म्हणून 'न्यायचीस'. वडिलांना म्हणायचं तर 'फोन करायचात ना, बाबा.' स्वतःबद्दल बोलताना मात्र हे रूप सहसा येत नाही, तिथे 'करायला हवा होता' यावंच लागतं. एकाच दुःखाला स्वतःसाठी एक रूप आणि दुसऱ्यासाठी एक, ही सोय मला मराठीतली मोठी चैन वाटते.

गैरसमज: 'असता' म्हणजे भूतकाळ

इंग्रजीत 'आय विश आय हॅड अ कार' म्हणजे आत्ता गाडी नाही, आणि 'आय विश आय हॅड बॉट अ कार' म्हणजे तेव्हा घेतली नाही. 'हॅड' दोन्हीकडे दिसतो म्हणून पहिल्याचंही भाषांतर 'गाडी घेतली असती तर' होऊन बसतं. पहिल्याला हवं 'गाडी असती तर', दुसऱ्याला 'घेतली असती तर'. यात 'गाडी असती तर' आजलाही चालतं आणि दहा वर्षांपूर्वीच्या रात्रीलाही. काळ सांगायचा असेल तर 'आज' किंवा 'तेव्हा' घालावं लागतं, क्रियापद सांगत नाही.

कारण 'असता' काळ सांगत नाही, दार बंद झाल्याचं सांगतो. समजा मित्राने बुधवारीच कळवलं की त्याला येत्या रविवारी जमणार नाही. मी गुरुवारी म्हणू शकतो, 'रविवारी तू आला असतास तर मजा आली असती.' रविवार अजून उगवलेला नाही, पण दार लागलं. आणि त्याने अजून काही कळवलेलं नसेल तर मी म्हणेन, 'तू आलास तर मजा येईल.' रूप भूतकाळाचं, 'आलास', आणि गोष्ट पुढची.

म्हणून 'आय विश इट वुड रेन' हे जूनमध्ये आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी असेल तर 'पाऊस पडला तर बरं होईल' किंवा 'पडू दे आता एकदाचा'. तिथे 'पडला असता तर' लिहिलं तर त्याचा हंगाम भाषांतरकाराने बुडवला.

आणि एक बारीक खड्डा

'तो घरी असतो तर' असं छापलेलं दिसतं, ते चूक. 'तो घरी असतो' म्हणजे रोज असतो; नसण्याबद्दल बोलायचं तर 'तो घरी असता तर'. ती 'असते' आणि 'असती', तू 'असतोस' आणि 'असतास', असा फरक आहे. घोळ होतो तो 'मी'मुळे, कारण तिथे दोन्हीकडे 'असतो' किंवा 'असते' हेच येतं आणि कान तेच तिसऱ्या पुरुषाला लावतो.

याच 'मी'ची आणखी एक अडचण असते. इंग्रजी वाक्यावरून बोलणारा बाई की बुवा कळत नाही, आणि मराठीत 'गेलो असतो' की 'गेले असते' हे ठरवावंच लागतं. पडद्याबाहेरचा आवाज असेल किंवा चिठ्ठी कोणाची हे गुपित असेल तर पंचाईत. अशा वेळी मी सकर्मक क्रियापद शोधतो. 'मी पत्र लिहिलं असतं', 'मी पोळी खाल्ली असती', 'मी फोन केला असता' यांत क्रियापद पत्राच्या, पोळीच्या, फोनच्या मागे जातं आणि बोलणारा झाकला राहतो. एका चित्रपटात 'मी थांबले असते तर'ऐवजी 'मी वाट पाहिली असती तर' घातलं, आणि चिठ्ठी बायकोने लिहिली होती हे प्रेक्षकांना शेवटच्या दृश्यापर्यंत कळलं नाही.