मोरीचे पाइप किती आणि त्यांच्याखाली काँक्रीट किती? आपणच मोजूया



कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलाला पाणी लागलं की आपल्याकडे पाऊस किती पडतोय ते सगळ्यांना कळतं. पण आपल्या पाड्याचा रस्ता बंद व्हायला उल्हास नदीला पूर यावा लागत नाही. रस्त्याखालची एक मोरी खचली तरी पुरे होतं. मागच्या पावसात मुरबाडच्या बाजूच्या एका पाड्यावर तेच झालं. दोनच वर्षांपूर्वी बांधलेल्या मोरीवर मधोमध खड्डा पडला. मुरूम टाकून तो बुजवला, आठ दिवसांत पुन्हा पडला. दुधाची गाडी यायची थांबली, आणि एका गरोदर ताईला खुर्चीत बसवून नाल्यापलीकडे न्यावं लागलं.

आता तिथे नवीन मोरी होणार आहे. गटाच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "अगं, परत तस्संच केलं तर आम्हाला कळणार कसं?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मग ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांकडे वही घेऊन बसले. त्यांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते. यात फक्त बेरीज, गुणाकार आणि टेप लागतो.

आधी पाइप मोजूया

मोरीला वापरतात ते सिमेंटचे गोल पाइप म्हणजे ह्यूम पाइप. आपल्याकडे एक पाइप बहुतेक अडीच मीटर लांब असतो, तरी आलेला पाइप टेपने मोजूनच घ्या.

आपलं उदाहरण असं धरू. बाजूपट्ट्या धरून रस्ता साडेसात मीटर रुंद आहे. मोरीला पाइपांच्या दोन रांगा आहेत. साडेसातला अडीचने भागलं की तीन येतात, म्हणजे एका रांगेला तीन पाइप, दोन रांगांना सहा. हिशेब बरोबर वाटतो ना? इथेच फसगत होते.

पाइपाची दोन्ही टोकं दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीतून बाहेर येतात. तिला दर्शनी भिंत, साइटवर हेडवॉल म्हणतात. ती ४५ सेंटिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंच्या मिळून ९० सेंटिमीटर झाल्या. म्हणजे पाइपाची लांबी किमान साडेसात अधिक ०.९, म्हणजे ८.४ मीटर लागते. तीन पाइपांत ती पुरत नाही. चार लागतात, दोन रांगांना आठ. चार पाइपांची रांग दहा मीटर होते आणि दोन भिंतींच्या आत ९.१ मीटर जागा मिळते.

सहाच पाइप टाकले तर भिंती आत सरकवाव्या लागतात. मग मोरीवर रस्ता फक्त ६.६ मीटर उरतो. रस्ता तिथेच आवळला की समोरून टेम्पो आल्यावर गाडीचं चाक कडेवर जातं, कडेचा भराव सुटतो आणि पावसात वाहून जातो. म्हणून ट्रकमधून पाइप उतरतील तेव्हा नुसते मोजा आणि अंदाजपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघा.

मोजताना पाइपावरचा छापही वाचा. गाड्यांच्या रस्त्याखाली NP3 लिहिलेला पाइप घालतात. NP2 हा हलका पाइप असतो. आतून ९०० मिलिमीटर व्यासाच्या NP3 पाइपाची भिंत १०० मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर जाड असते, NP2 ची साधारण निम्मी. छाप पुसलेला असेल तर मुलांच्या दप्तरातली पट्टी टोकाला लावा, लगेच कळेल.

आता पाइपाखालचं काँक्रीट

खड्डा पडला तो बहुतेक यामुळेच. माठ सपाट फरशीवर ठेवला तर तो एका रेघेवर टेकतो आणि डुलतो. चुंबळीवर ठेवला की घट्ट बसतो, कारण चुंबळ त्याला खालून आणि बाजूंनीही धरते. पाइपालाही अशीच काँक्रीटची चुंबळ लागते. नुसत्या मातीवर किंवा दगडांवर टेकवलेला पाइप वरून ट्रक गेला की दबतो, त्याला लांबट तडा जातो किंवा दोन पाइपांमधला सांधा उघडतो. त्या सांध्यातून वरची माती पाण्याबरोबर हळूहळू पाइपात उतरते आणि वर रस्त्याला खड्डा पडतो. म्हणूनच मुरूम टाकून तो बुजत नाही. मोरीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल तर दोष रस्त्याचा नसून खालचा आहे, असं समजा.

किती काँक्रीट लागतं ते काढू. आपला पाइप आतून ९०, भिंती धरून बाहेरून ११० सेंटिमीटर, म्हणजे १.१ मीटर. दोन रांगांमध्ये अर्ध्या पाइपाएवढी, ०.५५ मीटर जागा सोडायची. ती ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर मध्ये भराव ठोकता येत नाही. दोन्ही कडांना ०.३ मीटर धरू. एकूण रुंदी ३.३५ मीटर झाली.

आपल्या नकाशात पाइपाखाली १५ सेंटिमीटरचा थर आहे, आणि बाजूंनी पाइपाच्या पाव उंचीपर्यंत, म्हणजे आणखी २७.५ सेंटिमीटर काँक्रीट चढवायचं आहे. एकूण उंची ०.४२५ मीटर. भिंतींचं काँक्रीट वेगळं मोजतात, म्हणून लांबी ९.१ मीटर घेऊ.

३.३५ × ०.४२५ × ९.१ केलं की जवळपास १३ घनमीटर येतं. पण यात पाइपाचा जो भाग रुतलेला आहे तिथे काँक्रीट नाही. तो वजा करायचा. दोन्ही रांगांचा मिळून तो सुमारे ३.४ घनमीटर होतो. उरलं ९.६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ३.४ ब्रास. अंदाजपत्रकात १३ लिहिलं असेल तर पाइपाची वजावट केलीय का, ते विचारा.

आता फक्त खालचा १५ सेंटिमीटरचा थर टाकून बाजू मातीने भरल्या तर? ३.३५ × ०.१५ × ९.१, म्हणजे ४.६ घनमीटरच. निम्म्याहून कमी. वरून भराव पडला की कुणाला दिसतही नाही.

पण सिमेंटच्या गोणी दिसतात. एम-१५ काँक्रीट १:२:४ प्रमाणात केलं तर एका घनमीटरला ढोबळमानाने सहा ते साडेसहा गोणी लागतात. आपल्या मोरीला साधारण साठ गोणी. त्या दिवशी तिथे तीसच रिकाम्या गोण्या पडल्या असतील तर बाजूंचं काँक्रीट झालेलं नाही. मात्र काँक्रीट तयार आणलं असेल तर गोणी नसतील, तेव्हा गाडीची पावती बघा.

जायचं कधी?

दोन दिवस महत्त्वाचे. पाइप उतरतात तो, आणि पाइप बसवून झाल्यावर भराव टाकण्याआधीचा. त्या दिवशी पाइपाच्या दोन्ही बाजूंनी काठी घालून बघा, काँक्रीटला टेकते की मातीत घुसते. सांध्यावरची कॉलर खाली टेकून पाइप उचलला गेलाय का, तेही बघा. तिच्यासाठी काँक्रीटमध्ये खाच ठेवावी लागते. काँक्रीटवर पाणी मारताहेत ना, आणि भराव दोन्ही बाजूंनी सारखा, थराथराने ठोकताहेत ना, हेही बघा. पाइपाच्या माथ्यावर रस्त्यापर्यंत किमान ६० सेंटिमीटर भराव हवा.

झाकलं जाणारं काम झाकण्याआधीच मोजून मोजमाप पुस्तकात लिहायचं असतं. त्या मोजणीच्या वेळी आम्हाला बोलवा, असं ग्रामसभेतच मांडा आणि ठरावात लिहून घ्या. अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीकडे मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

एक गोष्ट मात्र आपण ठरवू शकत नाही. पाइप केवढा घ्यायचा आणि रांगा किती, हे वरून किती रानाचं पाणी येतं त्यावर अभियंता ठरवतात. पण पाणी कुठवर चढतं ते त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. २६ जुलै २००५ ला पाणी कुठे होतं ते मोठ्या आजींना विचारा, त्या झाडावर किंवा भिंतीवर चुन्याची खूण करा आणि मोरीची जागा बघायला साहेब येतील तेव्हा ती दाखवा.

त्या पाड्यावर पाइप आले की मी आणि मावशी टेप घेऊन जाणार आहोत. मावशींनी वहीत आत्ताच लिहून ठेवलंय: पाइप आठ, गोणी साठ.