चित्र ठळक, आकडा तपासून घ्या

सोसायटीच्या मीटर रूमची थर्मल तपासणी झाली, की अहवालात हमखास एक देखणं चित्र असतं. जांभळ्या पॅनेलवर एक पिवळा डाग, आणि त्यावर एमसीबीच्या कडा, स्क्रू, अगदी लेबलावरची अक्षरंही स्पष्ट. थर्मल कॅमेऱ्याला ती अक्षरं दिसत नाहीत, कारण शाई आणि कागद यांचं तापमान जवळपास सारखंच असतं. ती टिपलेली असतात शेजारच्या साध्या कॅमेऱ्यानं.

स्वस्त थर्मल कॅमेऱ्याचं चित्र बहुधा 160 बाय 120 ठिपक्यांचं असतं. ते चौपट मोठं करताना मधले ठिपके शेजारच्या तापमानांवरून गणितानं भरतात. इथे क्रम महत्त्वाचा: आधी तापमानाचे आकडे मोठे करायचे, मग रंग द्यायचे. रंगवलेला फोटोच ताणला, तर दोन रंगांच्या मिश्रणातून भलताच रंग निघतो आणि तो भलतंच तापमान सुचवतो. साध्या फोटोची धूसर प्रत मूळ फोटोतून वजा केली, की प्रामुख्यानं कडा उरतात. त्या थर्मल चित्रात मिसळताना फक्त उजेड-अंधार बदलायचा, रंगाला हात लावायचा नाही.

आता आकडा पाहू. सुमारे 57 अंशांच्या भिंगातून एक मीटरवरून पाहिलं, तर एक ठिपका साधारण सात मिलिमीटर जागा व्यापतो. ढिला झालेला पाच मिलिमीटरचा स्क्रू 90 अंश सेल्सिअसला असेल आणि भोवतालचा भाग 40 ला, तर ठिपक्यात दोन्हींची सरमिसळ होऊन साठच्या आसपासचाच आकडा दिसतो. चित्र कितीही मोठं करा, तो नव्वद होत नाही. भरवशाच्या मोजमापासाठी गरम भाग किमान तीन बाय तीन ठिपके व्यापणारा हवा, म्हणजे इथे दोन सेंटिमीटरचा. जवळ जावं, तर चालू पॅनेलपासून सुरक्षित अंतर राखावं लागतं; मग जास्त ठिपक्यांचा कॅमेरा किंवा दूरचं भिंग लागतं.

कडाही फसवतात. दोन भिंगांत दोन सेंटिमीटर अंतर असेल आणि जुळणी एक मीटरसाठी केलेली असेल, तर अर्ध्या मीटरवरून घेतलेल्या चित्रात कडा एक सेंटिमीटर सरकतात. एका एमसीबीची रुंदी जेमतेम 18 मिलिमीटर. डाग सहज शेजारच्या एमसीबीवर जातो. लेबल चुकीचं वाचलं, की वायरमन भलताच स्क्रू आवळणार.

सगळ्यात मोठी फसगत ॲक्रिलिकच्या झाकणामुळे होते. साध्या कॅमेऱ्याला ते पारदर्शक, थर्मल कॅमेऱ्याला मात्र भिंतीसारखं. आतले स्क्रू चित्रात रेखीव दिसतात, पण तापमान झाकणाचं असतं! माझ्या मते असं चित्र अहवालात असूच नये.

अहवाल हातात आला, की तपासनिसाकडून तीन गोष्टी मागून घ्या: कडा न मिसळलेलं मूळ थर्मल चित्र, तापमानाच्या आकड्यांसह मूळ फाइल आणि चित्र किती अंतरावरून, झाकण काढून घेतलं की ठेवून, याची नोंद.